व्हॅल्युअर येणार आहे, घर रंगवून घेऊ का?

प्रश्न : आमचं घर सांगलीत, दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर. वडिलांनी १९८५ साली तळमजला बांधला, १९९५ साली वर दोन खोल्या आणि गच्ची झाली. आई-वडील आता नाहीत, मृत्युपत्रही नाही. दोघं भाऊ बाहेर, एक पुण्यात, एक दुबईत. मी शेवटपर्यंत आईजवळ होते. घर मी ठेवायचं आणि भावांना त्यांचा वाटा पैशात द्यायचा, असं तिघांचं ठरलंय. थोडं कर्जही काढावं लागेल. पुढच्या आठवड्यात सरकारमान्य व्हॅल्युअर घर बघायला येणार आहेत. रंगारी नव्वद हजार सांगतो, रंगवून घेऊ का? भाचा म्हणतो, उलट भेगा आणि ओल तशीच दिसू दे, म्हणजे किंमत कमी येईल. पुण्याच्या भावाला एका एजंटनं पंच्याऐंशी लाख सांगितलेत. वरच्या मजल्याचा परवाना कुठे आहे ते ठाऊक नाही. मध्यंतरी रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचं कुंपण थोडं आत घेतलं होतं. हे लोक नेमकं बघतात काय? कोणते कागद काढून ठेवू आणि त्यांना काय विचारू?

उत्तर : रंगाऱ्याला सध्या थांबवा. घर तुमच्याकडेच राहणार असेल तर हिशेब मिटल्यावर हवा तो रंग द्या. या भेटीसाठी ते नव्वद हजार वाया जातील. का, ते एका उदाहरणातून बघू. यातले दर मी नुसते समजायला धरले आहेत. तुमच्या गल्लीचा दर व्हॅल्युअर काढतील.

प्लॉटवरच्या स्वतंत्र घराची किंमत दोन तुकड्यांत काढतात. आधी रिकाम्या जमिनीची, मग वरच्या बांधकामाची, आणि दोन्हींची बेरीज. जमीन १८६ चौरस मीटर आणि दर ३२,००० रुपये धरला तर ५९ लाख ५२ हजार होतात. बांधकामासाठी आधी विचार होतो, की हेच घर आज नवं बांधायला काय लागेल? तळमजला ८४ चौरस मीटर आणि खर्च मीटरमागे २०,००० धरला तर १६ लाख ८० हजार. मग त्यातून वयाची घट जाते. घराचं आयुष्य ६० वर्षं, त्यातली ४० सरलेली. शेवटी भंगार म्हणून १० टक्के उरतात असं धरून उरलेल्या ९० टक्क्यांवर घट मोजतात, ती येते ६० टक्के. म्हणजे तळमजल्याचे उरले ६ लाख ७२ हजार.

वरच्या खोल्या ५६ चौरस मीटर धरू. नव्या बांधायला ११ लाख २० हजार. त्यांचं वय ३०, मग घट ९० टक्क्यांच्या निम्मी म्हणजे ४५ टक्के, असं कुणालाही वाटेल. पण वरचा मजला खालच्याच्या खांद्यावर उभा आहे. खालचा वीस वर्षांनी गेला तर वरचा तीस वर्षं कशावर टिकणार? म्हणून जाणता व्हॅल्युअर वरच्या मजल्याचं आयुष्य ३० अधिक २०, असं ५० वर्षंच धरतो. घट ५४ टक्के होते आणि हाती उरतात ५ लाख १५ हजार २००. या एका फरकानं सुमारे एक लाख रुपये इकडचे तिकडे होतात. अहवालाचा मसुदा आला की ही ओळ शोधा. घाईत केलेल्या अहवालांत दोन्ही मजल्यांना सरसकट एकच आयुष्य लावलेलं असतं.

सगळ्याची बेरीज झाली ७१ लाख ३९ हजार २००. त्यात इमारत बारा लाखांच्याही आत, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. आतला रंग या हिशेबात कुठेच शिरत नाही. 'देखभाल बरी' की 'मध्यम' एवढा शेरा पडतो, त्यानं घट फार तर दोन-चार टक्के सरकते, आणि तीसुद्धा बारा लाखांवर. तुमच्या घराची किंमत मुख्यतः जमिनीत आहे, आणि तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलेलं ते आत घेतलेलं कुंपण रंगापेक्षा कितीतरी महाग आहे.

समजा खरेदीखतात 'दोन गुंठे' लिहिलंय, म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर १९८ आहेत. आणि जागेवर टेप लावली तर दर्शनी बाजू १२ मीटर, खोली साडेपंधरा, म्हणजे १८६. एकाच प्लॉटचे तीन आकडे. पत्रिकेपेक्षा कमी भरलेले १२ चौरस मीटर म्हणजे बहुधा तुमच्या कुंपणापुढची एक मीटर रुंदीची पट्टी. वरच्या दरानं तिची किंमत ३ लाख ८४ हजार होते. कागद आणि जागा जुळत नाहीत तिथे सावध व्हॅल्युअर कमी आकडा धरतो आणि तसं लिहून ठेवतो. पण भावांनी पत्रिका बघून हिशेब केला असेल तर त्यांना वाटणार, ताईनं चार लाख गिळले. म्हणून हा विषय व्हॅल्युअर येण्याआधी तुम्हीच दोघांच्या कानावर घाला.

त्या पट्टीचं नेमकं काय झालं याचे दोन-तीन पर्याय असतात. महापालिकेनं रीतसर संपादन करून मोबदला दिला असेल. वडिलांनी ताबा पावती देऊन पट्टी सोडली असेल आणि मोबदला पैशात नाही, चटईक्षेत्रात घ्यायचा राहिला असेल. किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून नुसतं कुंपण आत घेतलं असेल आणि कागदावर काहीच नसेल. वडिलांच्या फायलीत महापालिकेचं पत्र, पंचनामा, ताबा पावती असं काही सापडतं का बघा. नसेल तर नगररचना विभागात आणि नगर भूमापन कार्यालयात विचारा. मोबदला मिळायचा बाकी असेल तर तो हक्क तिघांचा आहे आणि वाटणीच्या लेखात त्याची वेगळी ओळ हवी. तो व्हॅल्युअरच्या आकड्यात मिसळू देऊ नका.

कागद

कागदांचा गठ्ठा पुढे ठेवण्यापेक्षा प्रत्येक कागद कोणत्या आकड्याला आधार देतो ते लक्षात घेऊन लावा. छायाप्रती द्यायच्या, मूळ कागद समोर दाखवून परत घ्यायचे. मूळ खरेदीखत कुणाच्याही हाती सोडू नका, चांगले व्हॅल्युअर मागतही नाहीत.

जमिनीसाठी ताजी मिळकत पत्रिका लागते. तीन-चार वर्षांपूर्वीची नको. digitalsatbara.mahabhumi.gov.in वर डिजिटल सहीची प्रत मिळते. तीवर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारकाचं नाव आणि धारणाधिकार हे चार रकाने वाचा. नाव अजून वडिलांचंच असेल तरी मूल्यांकन अडत नाही, पण वारस नोंदीचा अर्ज आजच द्या. पुढे कर्ज आणि दस्त दोन्ही तिथेच अडकतात. धारणाधिकाराच्या रकान्यात भाडेपट्टा किंवा हस्तांतरावरच्या अटींचा उल्लेख असेल तर किंमत खाली येते, आणि हे मालकाला बहुतेक वेळा व्हॅल्युअरकडूनच कळतं. सोबत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालंय की नुसतेच पैसे भरलेत ते तपासा. पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

हद्दीबद्दल शेजाऱ्याशी जराही कुरबूर असेल तर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची 'क' प्रत हवी. मोजणीला वेळ लागतो, पुढच्या आठवड्याच्या भेटीआधी ती होणार नाही. कुरबूर नसेल तर तिच्यासाठी अडून बसू नका.

इमारतीसाठी बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला. जुन्या घरांचा पूर्णत्वाचा दाखला अनेकदा घेतलेलाच नसतो. मग वय कशावरून ठरवायचं? घरपट्टीच्या कर आकारणी उताऱ्यावरून. पहिली आकारणी कधी झाली आणि वरचा मजला कोणत्या वर्षी वाढवून लागला, हे त्यात दिसतं. नुसती घरपट्टीची पावती पुरत नाही, उताराच मागा. वरच्या मजल्याच्या परवान्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात नकलेचा अर्ज करा. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. वडिलांच्या वेळचे आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर हयात असतील तर त्यांच्या कपाटातही नकाशा सापडू शकतो.

घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. कर विनापरवाना बांधकामावरही लागतो. परवाना मिळाला नाही तर व्हॅल्युअरला तसं सरळ सांगा. वाटणीच्या मूल्यांकनात तो मजला 'परवाना उपलब्ध नाही' या शेऱ्यासह धरता येतो. बँकेच्या मूल्यांकनात बहुतेक वेळा तो शून्य धरला जातो.

या सगळ्यावर एका पानाचं टिपण ठेवा. कोणत्या वर्षी काय बांधलं, गच्चीला वॉटरप्रूफिंग कधी केलं, वायरिंग कधी बदललं, बोअर किती फूट आणि पाणी किती महिने असतं, ड्रेनेज गटाराला जोडलंय की सेप्टिक टँक आहे. बिलं असतील तर जोडा. आठवणीतून तोंडी सांगितलेली सालं अहवालात चुकीची उतरतात. छापलेल्या कागदावरची तशीच उतरतात.

प्रत्यक्ष भेट

तुमच्याएवढ्या घराला साधारण तासभर लागतो. बंगला, जमीन आणि भाडेकरू असं सगळं असेल तर दीड-दोन तास. दहा मिनिटांत चार फोटो काढून कुणी निघाला तर पुढच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका.

सुरुवात घराबाहेरूनच होते. ते रस्त्याची रुंदी बघतील, पुष्कळदा मोजतीलही, कारण रस्त्याच्या रुंदीवर किती चटईक्षेत्र मिळेल ते ठरतं आणि त्यावर जमिनीचा दर हलतो. मग चारी बाजूंना काय आहे ते खरेदीखतातल्या चतुःसीमेशी ताडून बघतील. १९८५ च्या आसपासच्या खतात 'पूर्वेस अमुक यांची मोकळी जागा' असं असेल आणि आज तिथे तीन मजली इमारत असेल, तर तो अमुक म्हणजे कोण हे सांगणारं माणूस हजर हवं. शेजारचे जुने आजोबा या कामाला वकिलापेक्षा उपयोगी पडतात. दाराचा क्रमांक, वीज मीटरचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो, हे सगळं भेट खरोखर झाली आणि याच घरात झाली, याचा पुरावा म्हणून घेतलं जातं. घरातल्यांनी त्यात वावगं मानू नये. कपाटं, तिजोरी, देवघर फोटोत नको असेल तर आधीच सांगा, ते मान्य होतं.

मग मोजमाप. प्लॉटच्या चारी बाजू, बांधकामाची बाहेरून लांबी-रुंदी, प्रत्येक मजल्याची वेगळी. त्यांच्यासोबत टेपचं दुसरं टोक धरा किंवा लेझर मीटरचा आकडा स्वतःच्या वहीत टिपून घ्या. नंतर वाद झाला तर वाद मोजमापाचा आहे की दराचा, हे त्या वहीवरून दोन मिनिटांत कळतं. मागे पत्र्याची खोली किंवा शेड असेल तर ते वेगळं मोजतात आणि वेगळ्या, बऱ्याच कमी दरानं धरतात. ते मुख्य बांधकामात मिसळलं तर बेरीज फुगते.

खोल्या उघड्या ठेवा. कुलूप असलेल्या खोलीपुढे 'पाहणी झाली नाही' असं लिहिलं जातं, आणि नेमक्या त्या खोलीच्या छताला काही असेल तर पुढे त्यावरूनच भांडण. गच्चीवर जायला जिना नसेल तर शिडी आणून ठेवा. छताखालच्या बाजूला तपकिरी डाग, काँक्रीटचे निघालेले पोपडे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या, कॉलमवर सळईच्या रेषेत उभी गेलेली भेग, हे ते शोधत असतात. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, म्हणून अशी भेग इमारतीच्या उरलेल्या आयुष्यातून वर्षं कापते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांनी फारसं काही होत नाही.

यावरून तुमच्या भाच्याच्या युक्तीकडे वळू. भेगा दिसू देणं ठीकच आहे, त्या लपवूच नयेत. पण त्या दाखवून किंमत पाडण्याचा बेत दोन कारणांनी फसतो. इमारतीचा हिस्साच सहावा, त्यातून आणखी पाच-दहा टक्के गेले तरी साठ हजार ते सव्वा लाख इतकंच हलणार. आणि दुसरं, हाच अहवाल उद्या बँकेला कर्जासाठी दाखवायचा असेल तर तोच 'नाजूक' शेरा तुमच्या अंगाशी येईल. लपवण्याचीही तीच गत. एका खोलीचंच छत नवं पांढरं असलं की अनुभवी माणूस आधी तिथेच वर बघतो.

व्हॅल्युअर काय करत नाहीत तेही माहीत असू द्या. ते हातोडा मारून काँक्रीट तपासत नाहीत, म्हणजे हे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. मालकी कुणाची हेही ठरवत नाहीत, तुम्ही दिलेले कागद खरे धरून चालतात. ते काम वकिलाचं. कॉलमला भेग असेल तर ऑडिट वेगळं करून घ्या आणि ते मूल्यांकनाच्या आधी.

भेटीत शक्यतो आकडा विचारू नका, स्वतःचाही सांगू नका. 'आमचं सत्तर ठरलंय, त्याच्या आसपास बसवा' हे वाक्य फार घरांत उच्चारलं जातं. ते भावाच्या कानावर गेलं की अहवालाची किंमत रद्दीएवढी.

काय विचारायचं

खरे प्रश्न भेटीआधी फोनवर विचारायचे असतात. पहिला, नोंदणी कशाची आहे? दागिन्यांचे, यंत्रसामग्रीचे, स्थावर मालमत्तेचे व्हॅल्युअर वेगवेगळे असतात. 'सरकारमान्य' या पाटीवर न जाता नोंदणी क्रमांक घ्या. दुसरा, पाहणीला सही करणारे स्वतः येणार की सहायक? सहायक आला तर ते अहवालात लिहिलेलं हवं. तिसरा, तुलनेसाठी किती व्यवहार घेणार आणि कुठले? तुमच्याच भागातले, अलीकडचे, प्लॉटचे व्यवहार हवेत. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाचा दर तुमच्या गल्लीला लावून चालत नाही, आणि फ्लॅटचा दर जमिनीला लावून तर मुळीच नाही. नोंदलेले व्यवहार तुम्हालाही बघता येतात. igrmaharashtra.gov.in वर ई-सर्चची सोय आहे. फक्त दस्तातल्या रकमा पुष्कळदा रेडी रेकनरच्या सरकारी दराच्या आसपासच घोटाळतात, म्हणून व्हॅल्युअर बाजारात चौकशीही करतात. ती कुणाकडे आणि काय केली, हे त्यांनी लिहावं.

चौथा प्रश्न फीचा. येणाऱ्या किमतीवर टक्केवारी ठरवू नका, ठरावीक रक्कम ठरवा आणि ती तिघांनी मिळून द्या. कारण हे व्हॅल्युअर कुणाचे, हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग आहे. घर तुम्ही ठेवणार, म्हणजे किंमत कमी आली तर फायदा तुमचा. तुम्ही एकटीनं बोलावलेल्या माणसाचा आकडा कितीही प्रामाणिक असला तरी भावांना तो तुमचा आकडा वाटेल. तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल, पण कामाचं पत्र तिघांच्या सहीनं द्या. ईमेलवर दिलेली संमतीही चालेल. त्या पत्रात प्लॉटचा क्रमांक, मूल्यांकन कशासाठी (कौटुंबिक वाटणी), कोणत्या तारखेचं, आणि मसुदा तिघांना एकाच वेळी पाठवायचा, एवढं लिहा. भेटीच्या वेळी दुबईच्या भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या. गच्चीवरची ओल त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की पुढचे दहा फोन वाचतात.

एजंटच्या पंच्याऐंशी लाखांचं काय? तो सांगण्याचा भाव आहे, झालेल्या सौद्याचा नव्हे. शिवाय घर पाडून नवं बांधणारा बिल्डर डोळ्यांपुढे ठेवून तो सांगितलेला असू शकतो. पण भावाला उडवून लावू नका. एजंटला विचारायला सांगा, की गेल्या वर्षभरात याच भागात असा कोणता प्लॉट, किती मीटरचा, कितीला प्रत्यक्षात गेला? असे दोन व्यवहार मिळाले तर ते व्हॅल्युअरना लेखी द्या. ते तपासून घेतील किंवा का घेतले नाहीत ते लिहितील. तसंच तुमच्या बाजूनं कुणी रेडी रेकनरचा दर पुढे केला तर तोही बाजारभाव नव्हे. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर आहे, प्रत्यक्ष बाजार त्याच्या वरही असतो आणि काही ठिकाणी खालीही.

बँक आणि कर

कर्जासाठी बँक तुमचा हा अहवाल बहुधा धरणार नाही. तिच्या यादीवरचे व्हॅल्युअर वेगळे येतील, आणि तेव्हा पुन्हा हीच पाहणी होईल. त्यांच्या अहवालात बाजारमूल्याखाली 'रिअलायझेबल व्हॅल्यू' आणि 'डिस्ट्रेस व्हॅल्यू' असे आणखी दोन, आणखी कमी आकडे असतात. घाईनं विकावं लागलं तर हाती काय येईल, याचा तो बँकेचा अंदाज. ते कमी आकडे भावांपुढे वाटणीसाठी ठेवू नका, आणि बँकेनं परवान्याअभावी वरचा मजला गाळला म्हणून घाबरूनही जाऊ नका. पण कर्ज किती मिळेल ते याच आकड्यावर ठरतं, म्हणून भावांना रकमेचा शब्द देण्याआधी बँकेत परवान्याचा प्रश्न विचारून घ्या.

एक काम मात्र याच भेटीत उरकून घ्या. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं आहे. अशा मालमत्तेवर भांडवली नफ्याचा हिशेब करताना मूळ खर्चाऐवजी त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. मात्र जमीन-इमारतीसाठी ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त धरता येत नाही. तुमच्या वाटणीत भावांना मिळणाऱ्या रकमेवर कर लागेल की नाही, हे दस्त कसा लिहिला जातो त्यावर अवलंबून आहे. मोबदला घेऊन केलेलं हक्कसोडपत्र आणि कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांत मुद्रांक शुल्कही बदलतं. दुबईच्या भावाच्या बाबतीत रक्कम देतानाच कर कापायचा का, हाही प्रश्न आहे. मसुदा लिहिण्याआधी वकील आणि सनदी लेखापाल दोघांना एकत्र बसवा. पण २००१ चा आकडा आज ना उद्या लागणारच, निदान तुम्ही हे घर कधी विकाल तेव्हा. व्हॅल्युअर घरात आलेलेच आहेत, मोजमाप तेच आहे. फक्त तेव्हा तळमजल्याचं वय १६ आणि वरच्याचं ६ होतं, दर त्या सालचे. त्याचा अहवाल वेगळा मागा, वाटणीच्या अहवालात मिसळून नको.

फ्लॅट असलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथे जमीन-इमारत वेगळी होत नाही, आसपासच्या फ्लॅटच्या दरावरून थेट किंमत निघते. त्यामुळे सगळा जीव क्षेत्रफळात असतो. करारात बिल्टअप लिहिलंय की कार्पेट हे आधी बघा, कारण बिल्टअपच्या आकड्याला कार्पेटचा दर लागला तर किंमत बरीच फुगते. भागप्रमाणपत्र, देखभालीची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र आणि जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का याचं उत्तर, एवढं जवळ ठेवा.

मसुदा हाती आला की शेवटचा आकडा झाकून वाचायला घ्या. क्षेत्र तुमच्या वहीशी जुळतं का, दोन्ही मजल्यांची सालं बरोबर आहेत का, दर कोणत्या व्यवहारांवरून आला, कुंपणाबाहेरच्या पट्टीबद्दल काय लिहिलंय, वरच्या मजल्याच्या परवान्याचा शेरा आहे का. चूक सापडली तर कागद जोडून तिघांनी मिळून एकच ईमेल पाठवा. क्षेत्र, साल, बेरीज अशा चुका व्हॅल्युअर लगेच सुधारतात. 'दर जरा कमी करा' या विनंतीला मात्र उत्तर येऊ नये, आणि आलं तर दुसरा व्हॅल्युअर शोधा.